ती. आजीस, त्या कमरेवर हात ठेवलेल्या माणसाबद्दल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

परवा आत्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि सगळे हसत सुटले. तू मात्र खाली लिहिलंस, "कोण हे गृहस्थ? काय झालं यांना? घरी सगळं ठीक आहे ना?" त्यावर दादाने आणखी चार हसरे चेहरे टाकले. मग तू लिहिलंस, "मला कुणी नीट सांगेल का?" आणि नेहमीप्रमाणे कुणीच सांगितलं नाही. बाबा म्हणाले, विनोद समजावून सांगितला की मरतो. मरू दे. तसंही आत्याच्या फॉरवर्डचं आयुष्य किती असतं? पण तुझा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही, म्हणून पत्र लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, चष्मा शोधू नकोस.

आधी फोटोत काय आहे ते बघू

वर मराठीत एक ओळ आहे: "फ्रीजमधला आइसक्रीमचा डबा उघडल्यावर आत सोललेले मटार निघतात तेव्हा". तिच्याखाली स्टेडियममध्ये उभा असलेला एक दाढीवाला माणूस. अंगात बाह्या नसलेलं जाकीट, दोन्ही हात कमरेवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर कुठेतरी. ओरडत नाहीये, रडत नाहीये, कपाळावर हातही मारून घेतलेला नाही. नुसता बघतोय. तुला वाटलं हा कुणीतरी आपल्या ओळखीतला आहे आणि काहीतरी वाईट बातमी आलीये. चेहरा तसा आहे खरा.

हा माणूस कोण आणि तो कुणावर रागावलाय?

याचं नाव मुहम्मद सरीम अख्तर. पाकिस्तानच्या क्रिकेट टीमचा चाहता. आपल्या नात्यातला नाही, आत्याच्या सोसायटीतलाही नाही. हा फोटो १२ जून २०१९ चा आहे, इंग्लंडमधल्या टॉन्टन गावच्या मैदानावरचा. वर्ल्ड कप चालू होता आणि ऑस्ट्रेलिया विरुद्ध पाकिस्तान अशी मॅच होती. तू त्या वर्ल्ड कपच्या मॅचेस बघायचीस, तेव्हा तुला हे पटकन कळेल.

ऑस्ट्रेलियाची बॅटिंग चालू होती. डेव्हिड वॉर्नरचं शतक झालं होतं. वहाब रियाझच्या बॉलवर वॉर्नरचा फटका हवेत उडाला आणि थर्ड मॅनला उभ्या असलेल्या आसिफ अलीच्या हातात गेला. हातात गेला आणि सुटला. याच आसिफ अलीने त्याआधी स्लिपमध्ये फिंचचाही झेल सोडला होता. म्हणजे एकाच डावात, एकाच बॉलरच्या बॉलवर, एकाच माणसाने दुसऱ्यांदा. तेवढ्यात टीव्हीचा कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला आणि त्यात हे गृहस्थ सापडले, कमरेवर हात ठेवून आसिफ अलीकडे बघताना. तू भज्यांचं पीठ पातळ झालं की आत्याकडे बघतेस ना, तसंच बघत होते.

गंमत म्हणजे त्या सुटलेल्या झेलाची फारशी किंमत पाकिस्तानला मोजावी लागलीच नाही. वॉर्नर थोड्याच वेळात १०७ वर आउट झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३०७ धावा झाल्या आणि पाकिस्तान ४१ धावांनी हरलं. मॅच त्या झेलामुळे गेली असं कुणी म्हणणार नाही. पण चेहरा मॅचचा हिशेब करून होत नाही. तो त्या क्षणाला होतो. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

मीम म्हणजे नेमकं काय?

लोकांना माहीत झालेलं एखादं चित्र उसनं घ्यायचं, त्यावर आपल्या आयुष्यातली एखादी गोष्ट लिहायची आणि पुढे पाठवायचं. याला मीम म्हणतात. शब्द तसा जुना आहे. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाने तो काढला, नकलेतून माणसामाणसांत पसरत जाणाऱ्या कल्पनांसाठी. इंटरनेटवाल्यांनी तो नंतर उचलला.

पण तुला डॉकिन्सची गरज नाही, कारण तुला उखाणे येतात. उखाण्यात साचा ठरलेला असतो. पहिली ओळ कशाचीही चालते, ताट, वाटी, समई, हिमालय. मग "अमुकरावांचं नाव घेते" आणि शेवटी यमक. बायका ऐकायला बसतात त्या साच्यासाठी नाही, तो सगळ्यांना पाठच असतो. या नवऱ्याचं नाव आणि ही पहिली ओळ कशी जुळवली, यासाठी बसतात. साचा जितका ओळखीचा, तितकं सगळं लक्ष नव्या भागाकडे जातं. समज, एखादी नवी सून म्हणाली, "आइसक्रीमच्या डब्यात हिरवेगार मटार, अमुकरावांचं नाव घेते, हसू नका फार," तर तुम्ही सगळ्याजणी हसाल. मटाराला हसणार नाही आणि नवऱ्यालाही नाही. मटार इथे येऊन बसला, याला हसाल.

अख्तर यांचा फोटो हा तसा साचा आहे. २०१९ पासून लोक त्यावर ओळी लिहिताहेत. त्यामुळे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना फोटो दिसण्याआधीच माहीत होता. त्यांनी फक्त वरची ओळ वाचली आणि म्हणाले, वा, हे इथे बसवलं! तू तो साचाच पहिल्यांदा बघत होतीस. पहिल्यांदाच उखाणा ऐकणाऱ्या परदेशी पाहुण्याला नेमकं काय होतं, तेच तुझं झालं. "पण त्यांच्या नवऱ्याचा आणि चांदीच्या ताटाचा संबंध काय?"

ते अर्धवट वाक्य

आता तू शिक्षिका म्हणून बघ. "डबा उघडल्यावर आत सोललेले मटार निघतात तेव्हा". वाक्य पूर्ण झालं का? नाही. "तेव्हा" काय? हे नुसतं गौणवाक्य आहे, मुख्यवाक्य कुठेच नाही. तू वहीत लाल शाईने "अपूर्ण" असा शेरा मारला असतास.

मीममध्ये मुख्यवाक्य म्हणजे तो फोटो. "...तेव्हा माझी अवस्था अशी होते" हे लिहायचं नाही, दाखवायचं. म्हणून ओळ बहुतेक वेळा वर असते आणि फोटो खाली, कारण आधी वाचायचं, वाट बघायची आणि मग चेहरा दिसायला हवा. तू सवयीने आधी फोटो बघितलास, तोही मोठा करून, कारण तुला वाटलं माणूस ओळखीचा आहे. मग ओळ वाचलीस. क्रम उलटा झाला की उत्तर आधी आणि कोडं नंतर.

आणि "मी" असा शब्द कुठेच नाही हेही बघ. डबा कुणी उघडला? जो वाचतोय त्याने. हे मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं, म्हणजे प्रत्येकाला त्या जागी स्वतःला उभं करता येतं. बाबांनी स्वतःला उभं केलं, दादाने स्वतःला. तू तिथे अख्तर यांनाच उभं ठेवलंस आणि त्यांची चौकशी केलीस.

हाच चेहरा का? दुसरा कुठलाही रागावलेला माणूस का नाही?

मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा लांबवते.

समजा याच फोटोवर लिहिलं, "दहावीचा निकाल लागतो आणि मी नापास होतो तेव्हा". हसू येतं? नाही. नापास होणं मोठं आहे आणि हा चेहरा त्याला पुरत नाही. "पाकीट मारलं जातं तेव्हा"? तेही नाही. पाकीट गेलं की माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहत नाही, खिसे चाचपतो, धावतो.

आता हे बघ: "मसालेभाताच्या शेवटच्या घासात दाताखाली लवंग येते तेव्हा". आलं ना जरासं हसू? किंवा "रिक्षावाला मीटर बघून सांगतो, तिकडे नाही येत, तेव्हा". हेही चालतं. "पोह्यांवर खोबरं नाही असं दिसतं तेव्हा" तर आपल्या घरात नक्की चालेल.

मग चालतं ते का चालतं? एक तर, नुकसान लहान हवं आणि चेहरा मोठ्या नुकसानीचा. लवंग आली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, तरी माणूस असा उभा आहे जणू वर्ल्ड कप गेला. ही विसंगतीच हसवते. आणि अख्तर यांचा चेहरा याला नेमका आहे, कारण तो मुळातच प्रमाणाबाहेरचा होता. झेल सुटला, पण त्याची किंमत थोडीच पडली. मघाशी लक्षात ठेव म्हटलं ते हेच.

दुसरं म्हणजे, कुणीतरी आपला भरवसा मोडलेला हवा. नुसतं वाईट घडून भागत नाही. पाऊस पडला, लाइट गेली, यावर हा फोटो अर्धवटच बसतो, कारण पावसाकडे बघून कुणी "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं म्हणत नाही. अख्तर हवामानाकडे बघत नव्हते, आपल्या टीमच्या माणसाकडे बघत होते. आइसक्रीमचा डबा तसाच आहे. डब्यावर आंब्याचं चित्र आहे, खाली लिहिलंय मँगो, आणि तो आपल्याच फ्रीजरमध्ये आहे. घरचाच भेदी. परक्या दुकानात रिकामा डबा दिसला असता तर एवढं लागलं नसतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फोटो बराच वेळ बघून कळली. तो काही करत नाही. ओरडणाऱ्या माणसाचा फोटो असता तर तो दोनचार दिवसांत शिळा झाला असता, कारण ओरडणाऱ्याला काय म्हणायचंय ते तो स्वतःच म्हणतो. गप्प उभ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. कमरेवर हात आणि मिटलेलं तोंड यांत एक पोक्तपणा आहे, चिडलेल्या हेडमास्तरांचा. आणि हा पोक्तपणा मटारांवर खर्च होतोय!

"हे सगळं समजलं, तरी मला हसू का नाही आलं?"

हे तू विचारणार, मला माहीत आहे. उत्तर जरा नाजूक आहे.

विनोद चालायला आधी अपेक्षा लागते. डबा हातात घेतला, आत आइसक्रीम असणार असं वाटलं, झाकण उघडलं, मटार. अपेक्षा मोडली की मगच हसू. पण आजी, तुझी ती अपेक्षा कधी नव्हतीच. मटार तिथे कुणी ठेवले?

थंडीत मटार स्वस्त झाले की तू पिशव्या भरून आणतेस, सगळ्यांना सोलायला बसवतेस, उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घालून दाणे दोन मिनिटं काढतेस, गार पाण्यात टाकतेस, पंच्यावर पसरून कोरडे करतेस आणि मग डब्यात भरतेस. आइसक्रीमचाच डबा का, तर झाकण घट्ट बसतं, चौकोनी असल्यामुळे एकावर एक रचता येतात आणि फ्रीजरच्या थंडीत ते प्लास्टिक तडकत नाही. तू हे एकदा मला सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, बरोबरच आहे. त्यामुळे तुझ्या दृष्टीने तो आइसक्रीमचा डबा नाहीच. तो मटारांचा डबा आहे आणि त्याच्यावर चुकून आंब्याचं चित्र आहे. तू तो उघडलास की आत जे असायला हवं तेच असतं. यात कुणी का हसावं?

मैदानावर बघितलं तर ग्रुपमधले आम्ही सगळे स्टँडमध्ये अख्तर यांच्या शेजारी उभे होतो, कमरेवर हात ठेवून. तू मैदानात होतीस, आसिफ अलीच्या जागी. फरक एवढाच, की तुझ्या मते तू झेल घेतलेलाच होतास.

म्हणजे हा विनोद तुझ्यावर आहे का? थोडासा आहे. पण आत्याने तो तुला चिडवायला बनवलेला नव्हता, तिने बनवलेलाच नव्हता. फोटोच्या वर दोन बाणांची खूण होती ती बघ. एका बाणाचा अर्थ हा मजकूर दुसरीकडून पुढे आलाय. दोन बाण असले की तो बऱ्याच हातांतून, निदान पाच पायऱ्या चढून इथवर पोचलाय. म्हणजे फ्रीजरमध्ये हे करणारी तू एकटी नाहीस. कुठल्या तरी अनोळखी घरातल्या अनोळखी मुलाने आपल्या आईच्या डब्यावर हे लिहिलं आणि ते आपल्या सगळ्यांना लागू पडलं. आत्याच्याही फ्रीजरमध्ये तेच आहे. मी बघितलंय, तिच्याकडे बटरस्कॉचच्या डब्यात ओलं खोबरं असतं.

"पण त्या माणसाला कुणी विचारलं होतं का?"

हा प्रश्न तू फोनवर आईला विचारलास आणि तो आम्हा कुणालाच सुचला नव्हता. नाही, आधी कुणी विचारलं नाही. मॅचचं प्रक्षेपण होतं, त्यातलं दृश्य लोकांनी उचललं. अख्तर यांनी मात्र ते हसून घेतलं. २०२१ मध्ये हाँगकाँगला मीम्सचं एक संग्रहालय मांडलं होतं, त्यात त्यांचा फोटो लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच ट्विटरवर आनंदाने सांगितलं.

सगळ्यांचं असं होत नाही. कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने एकटं असताना काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचा व्हिडिओ काढला होता. २००३ मध्ये शाळेतल्या पोरांनी तो त्याला न विचारता इंटरनेटवर टाकला. जगभर लोक हसले, त्या मुलाचं शाळेत जाणं मुश्किल झालं आणि घरच्यांना कोर्टात जावं लागलं. दोन्हीकडे लोक हसतच होते. पण अख्तर भर मैदानात, हजारो लोकांत उभे होते आणि लोक त्यांच्या जागी स्वतःला ठेवून हसत होते. त्या मुलाच्या जागी कुणी स्वतःला ठेवलं नाही, त्याच्याकडेच बोट दाखवलं. म्हणून दादाने शेजारच्या काकांचा झोपलेला फोटो मीमसाठी पाठवला, तेव्हा तू त्याला रागावलीस ते बरोबरच होतं.

"मग खरं कुठलं आणि गंमत कुठली, हे मला कसं कळणार?"

फोटो आणि वरची ओळ यांचा खराखुरा संबंध आहे असा दावा केलाय का, एवढंच बघायचं. "डबा उघडल्यावर मटार निघतात तेव्हा" असं म्हणणारा, अख्तर टॉन्टनला मटार बघत होते असं सांगत नाहीये. तो संबंध खोटा आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे. तिथे चौकशी करायची गरज नाही.

पण त्या मॅचनंतर चारच दिवसांनी, १६ जूनला, मँचेस्टरमध्ये भारताने पाकिस्तानला हरवलं होतं, रोहित शर्माच्या १४० झाल्या होत्या, आठवतंय? आता याच फोटोखाली कुणी लिहिलं, "भारताकडून हरल्यावर पाकिस्तानी प्रेक्षकाचा चेहरा बघा", तर ते मीम राहत नाही. ती बातमी असल्याचा आव आहे, आणि ती खोटी आहे, कारण समोर भारत नव्हताच. तारीख, जागा, नाव घालून "बघा काय झालं" असं सांगणारा फोटो आला की तू आत्ता विचारलास तसंच विचारायचं: कोण हे, कुठलं, कधीचं? आपल्या ग्रुपवर हे विचारणारी तू एकटीच आहेस. सोडू नकोस. फक्त मटारांवर खर्च करू नकोस.

आता एक काम. हा साचा तुझ्या बाजूने वापरला तर तुला हसू येतं का ते मला बघायचंय. म्हणून तोच फोटो घेऊन मी वर एक नवी ओळ लिहिली आहे, ती फक्त तुला पाठवतेय, ग्रुपवर नाही:

"उसळीसाठी मटारांचा डबा काढावा आणि आत खरंच आइसक्रीम निघावं तेव्हा".

हसू आलं तर ग्रुपवर टाक. नाही आलं तरी टाक, आत्याला कळू दे.

बाबांना आणि मला मटार उसळ पाठव. डबा कुठलाही चालेल.

तुझी,
चिमी

ता. क. उखाणा मी स्वतः रचलाय. यमक जुळलंय, पण मात्रा मोजू नकोस.